एडिसच्या अळ्या उपासमारीने नाही, अजीर्णाने मरतात

घाणेरड्या पाण्यात डास जोमाने वाढतात, असं बहुतेकांना वाटतं. क्युलेक्स डासांबाबत ते बरंचसं खरं आहे. पण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्तीची वसाहत कॉलेजच्या कीटकघरात सांभाळायला घेतली, की पहिला ट्रे हमखास जातो तो जास्त खाद्य टाकल्यामुळे.

एका ट्रेचा हिशेब मांडू. पसरट ट्रेमध्ये एक लिटर पाणी आणि 200 अळ्या. खाद्य म्हणजे माशांच्या खाद्याची बारीक पूड. पहिल्या दिवशी अख्ख्या ट्रेला सुमारे 30 मिलिग्रॅम पुरते. अळ्या कात टाकून मोठ्या होतात तशी मात्रा वाढवत चौथ्या दिवशी 150 मिलिग्रॅमपर्यंत न्यायची आणि कोष दिसू लागले की हात आखडता घ्यायचा.

उरलेल्या खाद्यावर जिवाणू वाढतात. ते पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि पृष्ठभागावर तेलकट साय धरतात. अळी शेपटीकडची श्वासनळी पाण्याबाहेर काढून हवा घेते. सायीने तिचं तोंड बुजतं. पाणी दुधाळ दिसलं, वास आला, ट्रेला टिचकी मारूनही अळ्या तळाशी पळाल्या नाहीत, तर थांबू नका. अळ्या गाळणीने काढून तितक्याच तापमानाच्या स्वच्छ पाण्यात सोडा आणि एक दिवस खाद्य देऊ नका.

उलट, खाद्य कमी पडलं तर अळ्या रेंगाळतात आणि माद्या लहान निघतात. लहान मादी रक्त कमी पिते, अंडीही कमी घालते. तापमानाचंही तसंच. 27 ते 28 अंशांना आठवडाभरात कोष होतात. त्याहून गरम ठेवलं तर वाढ लवकर होते, पण डास लहान राहतात. म्हणून घाईपोटी हीटर वाढवू नये. तापमान हवेचं नव्हे, ट्रेमधल्या पाण्याचं मोजावं. बाष्पीभवनामुळे पाणी थोडं गार असतं.

नर-मादी दोघेही 10 टक्के साखरपाण्यावर जगतात. रक्त फक्त मादीला, तेही अंड्यांसाठी लागतं. चार-पाच दिवसांच्या माद्यांचं साखरपाणी आदल्या दिवशी काढून घ्यायचं. मग गोठू न दिलेलं जनावराचं रक्त पॅराफिल्मच्या ताणलेल्या पडद्याआड 37 अंशांवर ठेवायचं. रक्त गार झालं की माद्या फिरकत नाहीत. ‘गोड रक्ताच्या माणसाला डास जास्त चावतात’ हा समज इथे टिकत नाही: मादीला ओढून आणतात ऊब, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि त्वचेचा वास. पोट लाल टम्म दिसलं तर ती प्यायली.

तीन-चार दिवसांनी ओल्या फिल्टर पेपरवर काळी अंडी दिसतात. तो कागद लगेच वाळवला तर अंडी आक्रसून पिचकतात. आत गर्भ तयार होईपर्यंत दोन-तीन दिवस तो ओलसर ठेवायचा आणि मग हळूहळू वाळवायचा. अशी अंडी दमट डब्यात काही महिने टिकतात.