विषयाची ओळ आणि एकच बटण: ग्राहकांच्या मासिक मेलची पार्श्वभूमी

कंटेंट विभागात नव्याने आलेल्या इंटर्नला पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच काम मिळतं: "या महिन्याच्या न्यूजलेटरचा मसुदा कर. सब्जेक्ट लाइन स्पष्ट हवी आणि सीटीए एकच." सीटीए म्हणजे 'कॉल टू अ‍ॅक्शन', वाचकाने मेल वाचून पुढे काय करायचं ते सांगणारं वाक्य किंवा बटण. या दोन अटी कुठून आल्या हे सहसा कुणी सांगत नाही. मग इंटर्नला त्या वरिष्ठांच्या आवडीनिवडी वाटतात. खरं तर दोन्हींना मोठा इतिहास आहे, आणि तो एकाच घराण्याचा नाही.

विषयाच्या ओळीपासून सुरुवात करू. सप्टेंबर १९७३ मध्ये अमेरिकेतल्या आर्पानेट या संगणकजाळ्यासाठी आरएफसी ५६१ नावाचं छोटं टिपण निघालं. संदेशाच्या डोक्यावर कोणी पाठवलं, कधी पाठवलं आणि विषय काय, हे ठरावीक पद्धतीने लिहावं, असं त्यात सुचवलं होतं. टिपणाच्या चार लेखकांपैकी एक अभय भूषण, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. हा साचा ऑफिसातल्या मेमोसारखाच होता. आपल्याकडच्या सरकारी पत्रातही 'विषय : रजा मंजूर करणेबाबत' असंच असतं. तो विषय पत्र कोणत्या फायलीत लावायचं हे कळावं म्हणून लिहिलेला असतो. पत्र उघडायचं की नाही, हा प्रश्न तिथे नसतोच, कारण ते उघडणं कुणाचं तरी कामच असतं.

ग्राहकाचं तसं नाही. त्याच्यासमोर चाळीस मेल पडलेले असतात आणि कुठलाही उघडायची सक्ती नसते. म्हणून 'जून महिन्याचे न्यूजलेटर' ही ओळ फायलीला चालते, इनबॉक्सला चालत नाही. इंटर्नच्या पहिल्या मसुद्यात 'बाबत'ची ही सवय हटकून दिसते. दोष त्यांचा नाही, शाळेतल्या पत्रलेखनाचा आहे.

विषयाची ओळ बिघडली की काय होतं, याचा एक जुना आणि थोडा गमतीदार पुरावा १९७८ चा आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीचे मार्केटिंगवाले गॅरी थुर्क यांनी नव्या डेकसिस्टम-२० यंत्रांचं निमंत्रण आर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना पाठवायचं ठरवलं. पत्ते छापील डिरेक्टरीतून घेऊन हाताने टाइप केले होते. ते इतके झाले की मेलच्या प्रोग्रामला पेलले नाहीत आणि ठरलेल्या जागेबाहेर सांडत थेट मजकुरात उतरले. विषयाच्या जागीही एक पत्ताच जाऊन बसला: `ADRIAN@SRI-KL`. म्हणजे आज जगातला पहिला स्पॅम म्हणून ओळखला जाणारा मेल लोकांना विषयाच्या जागी भलत्याच माणसाचा पत्ता घेऊन मिळाला. तो उघडल्यावर आधी पत्त्यांची रांग, मग सगळा मजकूर इंग्रजी कॅपिटल अक्षरांत. जाळं चालवणाऱ्या संरक्षण खात्याच्या संस्थेकडून खरमरीत तक्रार आली.

पण त्याच मेलमध्ये एक गोष्ट बरीच नेटकी होती: या आणि यंत्र पाहा. ९ मे, दुपारी २ वाजता, लॉस एंजेलिस. ११ मे, दुपारी २ वाजता, सॅन मॅटेओ. ही शिस्त संगणकातून आलेली नव्हती, ती टपालातून आली होती.

इथे दुसरं घराणं येतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतले जाहिरातदार छापील जाहिरातीखाली कापून पाठवायचं कुपन देत. प्रत्येक वर्तमानपत्रासाठी कुपनावरच्या पत्त्यात वेगळा 'विभाग क्रमांक' घालत. कुपनं परत आली की ते क्रमांक मोजायचे, म्हणजे कुठली जाहिरात चालली ते कळे. या मोजणीला एकच अट होती: वाचकाने एकच गोष्ट करायची. कुपन भरा, दुकानात या आणि पत्रही लिहा असं तिन्ही मागितलं, तर आलेल्या कुपनांचा आकडा काहीच सांगत नाही. 'सीटीए एकच' या नियमाचं मूळ इथे आहे.

मग न्यूजलेटरमध्ये पाच-सहा गोष्टी भरायची ओढ कुठून येते? ती तिसरीकडून, कंपन्यांच्या गृहपत्रिकांमधून. जॉन डियर या नांगरवाल्या कंपनीने १८९५ मध्ये शेतकऱ्यांसाठी 'द फरो' काढलं. आपल्याकडे किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून निघालेलं ते पत्र पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि मराठी वाचकांच्या घरात शिरलं. अशा पत्रिकेत थोडं सगळंच असतं, आणि ते योग्यच आहे. माणूस ती ठेवून सावकाश वाचतो. मासिक मेलचं नाव या पत्रिकेचं आहे, पण त्याच्याकडून अपेक्षा कुपनाची असते. इंटर्नचा सगळा गोंधळ या दुहेरी वारशातून येतो, असं माझं मत आहे.

मोजणीची गोष्ट २०२१ मध्ये आणखी बदलली. तोवर मेल किती जणांनी उघडला हे मेलमध्ये दडवलेल्या अदृश्य चित्रावरून मोजत. चित्र लोड झालं म्हणजे मेल उघडला. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये अ‍ॅपलने आपल्या मेल अ‍ॅपमध्ये अशी सोय दिली की वाचकाने मेल उघडला नाही तरी चित्रं आधीच उतरवून ठेवली जातात. त्यामुळे 'ओपन रेट' फुगलेला दिसू लागला. नुसत्या उघडण्याच्या टक्क्यांवरून विषयाची ओळ चांगली होती असं म्हणणं तेव्हापासून कच्चं झालं. पक्का राहिला तो क्लिक, म्हणजे पुन्हा कुपनच.

मराठीत मेल लिहिणाऱ्यांसाठी एक आडवळण. मेलचा मथळा मुळात फक्त इंग्रजी अक्षरांपुरता होता. १९९० च्या दशकात इतर लिप्या सांकेतिक रूपात पाठवायची युक्ती निघाली. त्यामुळे विषयात नुसतं 'क' लिहिलं तरी प्रत्यक्षात असं जातं:

```
=?UTF-8?B?4KSV?=
```

वाचकाच्या स्क्रीनवर हीच चिन्हं किंवा प्रश्नचिन्हांची माळ दिसली तर संकेत उलगडला गेलेला नाही असं समजावं. म्हणून मसुदा झाला की एक चाचणी मेल फोनवर आणि एक संगणकावर पाठवून बघतात. फोनवर ओळीचं शेपूट तुटतं, तेव्हा कामाचा शब्द आधी यायला हवा.

आता थुर्कचाच मेल आज इंटर्नकडे आला तर? विषय: '९ मे, लॉस एंजेलिस: डेकसिस्टम-२० प्रत्यक्ष पाहा'. इनबॉक्समध्ये विषयाशेजारी दिसणारी प्रीहेडरची ओळ विषय पुन्हा सांगत नाही, उरलेलं सांगते: 'दुपारी २ वाजता, आर्पानेटला जोडता येणारं यंत्र'. मग दोन-तीन वाक्यांत यंत्र कोणाच्या उपयोगाचं ते, आणि बटण: 'माझी जागा राखून ठेवा'. अडचण येते ती दुसऱ्या शहराची. सॅन मॅटेओचं बटण खाली जोडलं की कृती दोन झाल्या, आणि लॉस एंजेलिसच्या वाचकाला निम्मा मेल बिनकामाचा. इथे मजकुरावर कितीही हात फिरवला तरी उपयोग नाही. यादीच तोडायची: लॉस एंजेलिसजवळच्या पत्त्यांना एक मेल, सॅन मॅटेओजवळच्यांना दुसरा, प्रत्येकात आपापली तारीख आणि एकच बटण.

तळाशी 'यादीतून नाव काढा' ही लिंक राहतेच. मोठ्या संख्येने जाहिरातीचे मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय द्यावीच लागेल, असा नियम गूगल आणि याहूने २०२४ मध्ये आणला. थुर्कच्या ४०० जणांना ती सोय नव्हती. त्यांना एकच करता येण्यासारखं होतं, तक्रार.