कंसाचा झाला एक

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळद अडत्याचं रोख प्रवाह पत्रक आमच्या ऑफिसात आलं, तेही कागद फोनवर स्कॅन करून. पत्रक इंग्रजी आकड्यांत होतं. ओसीआरने, म्हणजे चित्रातले आकडे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, ते वाचलं आणि एक्सेलमध्ये उतरलं ते असं (रकमा मी बदलल्या आहेत):

```
व्यवसायातून         8,46,350
गुंतवणुकीतून        15,12,400
कर्ज व व्याजापोटी      64,750
निव्वळ वाढ           2,69,200
```

वरच्या तीन ओळींची बेरीज येते २४,२३,५००. पत्रक म्हणतं २,६९,२००. फरक २१,५४,३०० चा.

हिशेबात उणे रक्कम कंसात लिहितात, `(64,750)` अशी. कंस गळला की उणे रक्कम अधिक होते आणि बेरीज त्या रकमेच्या दुपटीने फुगते. म्हणून ताळा जुळला नाही की जुने मुनीम फरक निम्मा करून तो आकडा रकान्यात शोधत. इथे निम्मे होतात १०,७७,१५०. अशी रक्कम रकान्यात नाही, कुठल्याही दोन ओळींची बेरीजही तेवढी होत नाही.

आमच्या ऑफिसातल्या अण्णांनी कागद बघितला आणि म्हणाले, "अहो, आधी दहा लाख काढा त्यातनं." काढले. उरले ११,५४,३००, त्याचे निम्मे ५,७७,१५०. म्हणजेच ५,१२,४०० अधिक ६४,७५०. चोर सापडले, एक सोडून दोन! गुंतवणुकीची खरी रक्कम होती `(5,12,400)`. तिचा डावा कंस ओसीआरने 1 म्हणून वाचला आणि उजवा टाकून दिला. तिसऱ्या ओळीचे तर दोन्ही कंस उडाले होते. आता ८,४६,३५० मधून दोन्ही रकमा वजा केल्या की बरोबर २,६९,२०० राहतात.

कंसाचा 1 का होतो? दोन्ही उंच, बारीक, उभ्या रेघा. फरक फक्त बाकाचा. १० पॉइंटचं अक्षर ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, स्कॅन केलं तर त्याच्या उंचीला साधारण ४२ पिक्सेल मिळतात, १०० डीपीआयला जेमतेम १४. त्या १४ पिक्सेलात कंसाचा बाक दोन-तीन ठिपक्यांचा उरतो. फोटो थोडा हलला की तोही पुसला जातो.

आपल्या स्वल्पविरामांची इथे मदत होते, पण निम्मीच. तिसऱ्या ओळीतल्या कंसाचा 1 झाला असता तर `164,750` दिसलं असतं. आपण लिहू 1,64,750, म्हणून लगेच संशय आला असता. पण `15,12,400` मध्ये स्वल्पविराम अगदी जागच्या जागी आहेत. डोळ्याला काहीच खुपत नाही, बेरीजच ओरडते. उजव्या कंसाचा 1 झाला तर मात्र शेवटच्या स्वल्पविरामानंतर चार अंक येतात, `64,7501` असे, आणि ते लपत नाही.

काही छापील याद्यांत उणे चिन्ह आकड्याच्या मागे असतं: `64,750-`. SAP या मोठ्या कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या अहवालांत हे नेहमी दिसतं. ही आडवी छोटी रेघ अंकांच्या सरळ रकान्याबाहेर लोंबकळते. त्यामुळे स्कॅन स्वच्छ करताना ती डाग समजून पुसली जाते, नाहीतर शेजारच्या चौकटीच्या रेघेत मिसळून जाते. ती वाचली तरी सुटका नाही. एक्सेल `64,750-` ला मजकूर धरतं, आणि SUM मजकूर मोजतच नाही, तेही चुपचाप. तेव्हा फरक दुपटीचा न येता नेमका त्या रकमेएवढाच येतो. म्हणजे निम्मा न करता फरकच रकान्यात सापडला, तर आधी ती ओळ मजकूर झाली आहे का ते बघायचं. आकडे उजवीकडे सरकलेले असतात, मजकूर डावीकडे. दुरुस्ती सोपी आहे: Text to Columns, त्यात Advanced, तिथे Trailing minus for negative numbers वर खूण.

आता उलटी चूक. सगळे कंस उणेच करा, असं सॉफ्टवेअरला सांगून टाकणं मला पटत नाही. ताळेबंदाच्या टिपांत बऱ्याचदा कंसात मागच्या वर्षीची रक्कम असते, आणि ती उणे नसते. शिवाय 'वजा: घसारा' असं लिहून पुढे रक्कम पुन्हा कंसात देणारेही असतात. तिथे शब्द आणि कंस एकाच वजाबाकीबद्दल बोलतात, दोन्ही मानले की घसारा नफ्यात मिळवला जातो. अशा वेळी अण्णा खालची बेरीज दोन्ही तऱ्हांनी करून बघतात. जी छापील आकड्याला लागते, ती धरतात. आणि कुठलीच लागली नाही तर अडत्याला फोन करून मूळ कागद मागवतात.