गृहकर्जाचे टेकओव्हर

एका बँकेत चालू असलेले घराचे कर्ज दुसऱ्या बँकेने कमी व्याजदराने फेडून स्वतःकडे घेणे याला कोल्हापुरात सर्रास 'टेकओव्हर' म्हणतात. बँकेच्या कागदांवर त्याला बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात.

मुळात एकाच शहरातल्या दोन कर्जदारांचे दर इतके वेगळे का? ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांना नवी बदलत्या दराची गृहकर्जे रिझर्व्ह बँकेच्या रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडावी लागतात. गृहवित्त कंपन्या, नागरी सहकारी बँका आणि पतसंस्था यांना हे बंधन नाही. त्यामुळे रेपो उतरला तरी यांच्याकडचा हप्ता जागचा हलेलच असे नाही. सहकारी बँकांचे जाळे दाट असलेल्या कोल्हापुरात टेकओव्हरसाठी येणारी बरीच प्रकरणे याच गटातली असतात.

फायदा मोजताना जुना दर आणि नवा दर एवढीच तुलना केली जाते आणि तिथेच गणित चुकते. तुलना करायची ती आपलीच बँक मागितल्यावर किती दर देते त्याच्याशी. समजा २५ लाख रुपये बाकी आहेत, १५ वर्षे उरली आहेत आणि दर ९.५ टक्के आहे. हप्ता २६,१०६ रुपये. नवी बँक ८.२५ टक्के देते, म्हणजे हप्ता २४,२५४ आणि महिन्याला १,८५२ रुपयांची बचत. खर्च असा धरू: प्रोसेसिंग फी जीएसटीसह ११,८००, वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि व्हॅल्युएशन ६,०००, गहाणाचे मुद्रांक शुल्क ०.३ टक्के दराने ७,५००, दुय्यम निबंधकाकडे गहाण ठेवल्याची सूचना, म्हणजे नोटीस ऑफ इंटिमेशन, दाखल करायला १,५००. शिवाय नव्या बँकेचा चेक निघाल्यापासून जुन्या खात्यात जमा होईपर्यंत दोन्हीकडे व्याज चालू राहते. पाच दिवसांचे सुमारे ३,२५०. एकूण तीस हजारांच्या आसपास, म्हणजे सोळा-सतरा महिन्यांत वसूल.

आता समजा जुन्याच बँकेने अर्ज केल्यावर ५,९०० रुपये कन्व्हर्जन फी घेऊन दर ८.७५ केला. हप्ता २४,९८६ होतो आणि फी सहाव्या महिन्यात भरून निघते. या पर्यायापेक्षा टेकओव्हरची जादा बचत महिन्याला फक्त ७३२ रुपये आणि जादा खर्च सुमारे २४ हजार. तो वसूल व्हायला ३३ महिने लागतात. तीन वर्षांत घर विकायचे किंवा कर्ज फेडून टाकायचे असेल तर एवढी धावपळ कशाला? म्हणून नव्या बँकेचे मंजुरीपत्र हातात आले की ते आधी जुन्या बँकेच्या मॅनेजरला दाखवावे.

मुदतीचा फास याहून वाईट. तेच कर्ज ८.२५ टक्क्यांनीच पण पुन्हा २० वर्षांसाठी घेतले तर हप्ता २१,३०२ वर येतो आणि माणूस खूश होतो. प्रत्यक्षात शेवटपर्यंत भरलेली रक्कम जुन्या, महाग कर्जापेक्षा ४ लाख १३ हजारांनी जास्त होते. अर्ज करताना उरलेली मुदत तेवढीच ठेवायला लेखी सांगावे.

बदलत्या दराचे वैयक्तिक गृहकर्ज मुदतीआधी बंद करण्यासाठी बँका आणि गृहवित्त कंपन्यांना दंड घेता येत नाही. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत नाहीत. तिथे करारातले कलम वाचावे लागते.

कोल्हापुरात प्रकरण अडते ते बहुधा कागदांवर. राजारामपुरी किंवा शाहूपुरीत नगर भूमापनाची मिळकत पत्रिका असते आणि वकिलाचे काम सरळ होते. पाचगाव, कळंबा, उचगाव या बाजूला ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर किंवा बिगरशेती आदेशाविना पाडलेल्या प्लॉटवर उभी घरे आढळतात. स्थानिक संस्थेने ओळखीने ज्यावर कर्ज दिले, ते कागद मोठ्या बँकेचा पॅनेल वकील नाकारू शकतो, आणि अर्ज दाखल करतानाची लॉगिन फी, व्हॅल्युएशनचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. फी भरण्याआधी सातबारा किंवा मिळकत पत्रिका, बांधकाम परवाना आणि खरेदीखत यांच्या झेरॉक्स त्या वकिलाला दाखवून घ्याव्यात.

कर्ज पूर्ण फेडल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत देणे बँका आणि गृहवित्त कंपन्यांवर बंधनकारक आहे. त्यांच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. पण सातबाऱ्याच्या इतर हक्कात चढलेला जुना बोजा आपोआप उतरेलच असे धरून चालू नये. जुन्या संस्थेचा दाखला घेऊन तलाठ्याकडे बोजा कमी करण्याचा अर्ज द्यावा आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून नव्या बँकेत द्यावा. सहकारी बँकेने कर्ज देताना शेअर्सपोटी रक्कम कापली असेल, बहुधा कर्जाच्या अडीच टक्के, तर ती परत मागण्याचा अर्ज वेगळा करावा लागतो. २५ लाखांवर ही रक्कम ६२,५०० रुपये होते, म्हणजे टेकओव्हरच्या सगळ्या खर्चाच्या दुप्पट.