टस्टिन रूपांतर आणि वारंवारतेची विकृती

टस्टिन रूपांतर ही अखंड काळासाठी रचलेला नियंत्रक संगणकावर चालेल अशा फरक-समीकरणात बदलण्याची पद्धत आहे. आर्नॉल्ड टस्टिन (१८९९–१९९४) या ब्रिटिश अभियंत्याचे नाव तिला मिळाले. त्यांचा यावरचा लेख १९४७ सालचा. संकेत-प्रक्रियेच्या पुस्तकांत हीच पद्धत द्विरेषीय रूपांतर म्हणून भेटते.

मूळ कल्पना समलंब नियमाची आहे. दोन सलग नमुन्यांमधल्या वक्राखालचे क्षेत्रफळ समलंब चौकोनाचे धरले, की संकलकाच्या जागी एक साधा अपूर्णांक येतो. मग नियंत्रकाच्या सूत्रात जिथे `s` असेल तिथे पुढील पदावली घालायची. `T` म्हणजे दोन नमुन्यांमधला काळ.

```
s = (2/T)·(z − 1)/(z + 1)
```

या बदलाने `s`-प्रतलाचा डावा अर्धा भाग नेमका `z`-प्रतलातील एकक वर्तुळाच्या आत जातो. त्यामुळे स्थिर नियंत्रक रूपांतरानंतरही स्थिरच राहतो. पुढच्या फरकाच्या ऑयलर पद्धतीत याची खात्री नसते. मात्र शून्यापासून अनंतापर्यंतच्या साऱ्या वारंवारता शून्य ते नमुनादराचा अर्धा भाग एवढ्याच पट्ट्यात बसवाव्या लागतात, म्हणून वरच्या टोकाला त्या दाटतात. अखंड वारंवारता `ωa` आणि अंकीय वारंवारता `ωd` यांचे नाते असे:

```
ωa = (2/T)·tan(ωd·T/2)
```

नमुनादराच्या मानाने वारंवारता लहान असेल तर दोन्ही जवळपास सारख्याच असतात. म्हणून संथ भट्टीच्या पीआय नियंत्रकात ही विकृती सहसा जाणवतही नाही. अरुंद नॉच फिल्टरची गोष्ट वेगळी.

समजा, सर्वो मोटर आणि भार यांमधल्या लवचिक कपलिंगमुळे २०० हर्ट्झला अनुनाद आहे आणि नियंत्रक सेकंदाला १००० नमुने घेतो. अनुनाद दाबण्यासाठी कागदावर २०० हर्ट्झचा, सुमारे २० हर्ट्झ रुंदीचा (−३ डेसिबल) नॉच रचला:

```
N(s) = (s² + ω0²)/(s² + 0.1·ω0·s + ω0²),  ω0 = 2π·200
```

साध्या टस्टिनने रूपांतर केल्यावर खाच २०० वर न पडता १७८.६ हर्ट्झवर पडते. अंकीय २०० हर्ट्झला हा फिल्टर अखंड सूत्रातील २३१.३ हर्ट्झसारखा वागतो आणि तिथे त्याचा लाभ ०.९५ आहे. म्हणजे दाबायचा संकेत जवळजवळ पूर्ण निसटतो आणि यंत्र पूर्वीसारखेच थरथरते. अशा वेळी खाच आणखी खोल करण्याचा मोह होतो, पण तिची जागाच चुकलेली असल्याने त्याचा उपयोग नाही. रूपांतरित फिल्टरचा बोडे आलेख काढून तळ कुठे आहे ते पाहिले की दोष लगेच दिसतो. अखंड सूत्राचा आलेख पाहून तो कधीच दिसणार नाही.

यावरचा उपाय म्हणजे पूर्वविकृती, प्रचारातल्या शब्दात प्रीवार्पिंग. `2/T` या गुणकाऐवजी `ω0/tan(ω0·T/2)` घ्यायचा. इथे तो २००० ऐवजी सुमारे १७३० येतो आणि खाच अचूक २०० हर्ट्झवर बसते. मॅटलॅबमध्ये:

```
w0  = 2*pi*200;
N   = tf([1 0 w0^2],[1 0.1*w0 w0^2]);
opt = c2dOptions('Method','tustin','PrewarpFrequency',w0);
Nd  = c2d(N, 0.001, opt);
```

ही वारंवारता रेडियन प्रति सेकंदात द्यायची असते. कोणी थेट २०० लिहिले तर आज्ञा तक्रार न करता चालते आणि खाच १७९ हर्ट्झच्या आसपासच राहते.

पूर्वविकृती एकच वारंवारता जुळवते. बाकीच्या आपापल्या परीने सरकलेल्याच असतात. वरच्या उदाहरणात खाचेचे केंद्र जागेवर आले, तरी तिची रुंदी २० वरून सुमारे १५ हर्ट्झवर आलेली असते. भार बदलला की अनुनाद थोडा सरकतो, तेव्हा हे अंतर महागात पडू शकते. ०.१ ऐवजी सुमारे ०.१३२ घेतल्यास रुंदी पुन्हा २० हर्ट्झच्या जवळ येते.

पाठ्यपुस्तकांत फारसा न येणारा आणखी एक मुद्दा आहे. पीआय आणि नॉच एकत्र गुणून संपूर्ण नियंत्रकावर २०० हर्ट्झची पूर्वविकृती लावू नये. गुणक २००० वरून १७३० झाल्याने संकलन-लाभ १५.६ टक्क्यांनी वाढतो. नॉचसाठी केलेली दुरुस्ती अशा रीतीने कमी वारंवारतेचे वर्तन बिघडवते, आणि ज्याने पीआय काळजीपूर्वक जुळवला त्याला ओलांडणी का वाढली ते कळत नाही. म्हणून दोन्ही भाग वेगळे रूपांतरित करावेत, पूर्वविकृती फक्त नॉचला द्यावी आणि मग ते एकापुढे एक जोडावेत.

शुद्ध विकलकाला मात्र टस्टिन मानवत नाही. `s` मुळे `z = −1` वर ध्रुव येतो आणि निर्गत प्रत्येक नमुन्याला चिन्ह बदलत झुलत राहते. हे आंदोलन विरत नाही. त्यामुळे पीआयडीतील विकलन-पदाला आधी प्रथम कोटीचा गाळक जोडतात आणि मगच रूपांतर करतात.