रेटिंग चार, वाढ सहा टक्के

दर एप्रिल-मेमध्ये एचआरच्या खोलीत येणारं वाक्य ठरलेलं असतं. “वर्षभर राबले, रेटिंगही चार मिळालं, मग वाढ सहाच टक्के कशी? आणि शेजारच्याला तीन मिळूनही नऊ?” असं विचारणारी माणसं उगाच चिडलेली नसतात. अडचण अशी की रेटिंग, इन्क्रिमेंट आणि बोनस हे तिन्ही एकाच पत्रात येत असले तरी त्यांचा जन्म एका घरात झालेला नाही. तिघांचे हिशेब आजही वेगवेगळे चालतात.

बोनसची गोष्ट आपल्या गिरणगावातली. पहिल्या महायुद्धाच्या काळात महागाई भडकली, गिरण्यांना नफाही भरपूर झाला, तेव्हा 1917 पासून मुंबईच्या कापड गिरण्यांनी मजुरीवर युद्ध बोनस द्यायला सुरुवात केली. युद्ध संपल्यावरही काही वर्षं बोनस मिळत राहिला आणि कामगार त्याला आपला हक्क समजू लागले. 1923 चा बोनस देणार नाही असं मालकांनी सांगितलं तेव्हा 1924 च्या सुरुवातीला मोठा संप झाला. सरकारने उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिओड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचा निष्कर्ष असा की रूढी, कायदा किंवा न्यायबुद्धी, कशाच्याही आधारे कामगारांचा बोनसवर हक्क सांगता येत नाही. म्हणजे बोनस ही मालकाची मर्जी ठरली.

हे चित्र बदलायला आणखी पंचवीसेक वर्षं गेली. 1950 मध्ये पुन्हा मुंबईच्याच गिरण्यांच्या वादात कामगार अपील न्यायाधिकरणाने एक सूत्र मांडलं. नफ्यातून घसारा, यंत्रांच्या नूतनीकरणाची तरतूद, आयकर आणि भांडवलावरचा परतावा वजा करायचा आणि जे उरेल त्यात कामगारांचा वाटा धरायचा. पुढे बोनस आयोग आला आणि मग 1965 चा बोनस कायदा. आज परिचित असलेले किमान 8.33 आणि कमाल 20 टक्के त्याच कायद्याचे. 2019 च्या वेतन संहितेनेही हे दोन्ही आकडे कायम ठेवले. 8.33 म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, अर्थात एका महिन्याचा पगार. या सगळ्या मांडणीत नफा आहे, हजेरी आहे, पगार आहे. ‘तू किती चांगलं काम केलंस’ हा प्रश्न मात्र कुठेच नाही. शिवाय 2015 च्या दुरुस्तीनंतर ही तरतूद महिना 21,000 रुपयांपर्यंतच्या पगारालाच लागू होती. त्याहून वरच्यांना ज्याला आपण बोनस म्हणतो तो खरं तर व्हेरिएबल पे, म्हणजे करारातला एक आकडा. त्यावर कंपनीचा नफा आणि तुमचं रेटिंग या दोघांचा गुणाकार होतो.

रेटिंगचं मूळ मात्र अमेरिकेत सापडतं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी मानसशास्त्रज्ञ वॉल्टर डिल स्कॉट यांनी अधिकाऱ्यांची प्रतवारी करण्याची पद्धत बसवली. तिचा मुख्य उपयोग कोणाला बढती द्यावी, कोणाला कुठे नेमावं हे ठरवण्यासाठी होता. कारखान्यांनी आणि कार्यालयांनी ती उचलली आणि यथावकाश पगारवाढही तिलाच बांधली. हा जोड चुकीचा आहे असं सांगणारा अभ्यास 1965 मध्येच प्रसिद्ध झाला, तोही जनरल इलेक्ट्रिक या कंपनीत झालेला. पगाराची बोलणी आणि सुधारणेची बोलणी एकाच बैठकीत केली की माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो, म्हणून दोन्ही वेगळ्या ठेवा, असा त्यातला सल्ला होता. गंमत अशी की त्याच कंपनीत 1980 नंतर जॅक वेल्च यांनी 20-70-10 ची विभागणी रूढ केली: वरचे वीस टक्के, मधले सत्तर, खालचे दहा. आपल्याकडच्या आयटी कंपन्यांत ती ‘बेल कर्व्ह’ नावाने आली. आता अनेक कंपन्यांनी ती अधिकृतपणे सोडली आहे. मायक्रोसॉफ्टने तर 2013 मध्येच सोडली.

बेल कर्व्ह गेला तरी वाढ सढळ झाली नाही, कारण खरी मर्यादा कर्व्हची नव्हती, बजेटची होती. वार्षिक वाढीची रक्कम बहुधा रेटिंग ठरण्याआधीच मंजूर झालेली असते. दहा जणांच्या टीमचा वर्षाचा पगार 90 लाख आणि बजेट आठ टक्के असेल, तर वाटायला 7 लाख 20 हजार आहेत. दहाही जण चांगले म्हणून प्रत्येकाला बारा टक्के द्यायचे तर 10 लाख 80 हजार लागतील. ते नाहीत. मग मॅनेजर मंडळी कॅलिब्रेशनच्या, म्हणजे सगळ्यांची रेटिंग एकमेकांशी ताडून पाहण्याच्या, बैठकीत बसतात आणि काहींचं चार तीनवर येतं. ज्याची टीम खरोखर उत्तम, त्याच टीमला हे सर्वात जास्त बोचतं.

आता त्या सहा आणि नऊ टक्क्यांकडे येऊ. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पद्धत खरी आहे. तुमच्या पदाचा बाजारातला मधला पगार कंपनीने 9 लाख धरला आहे. तुमचा निश्चित पगार 10 लाख 80 हजार, म्हणजे मधल्या आकड्याच्या 120 टक्के. शेजारच्याचा 7 लाख 20 हजार, म्हणजे 80 टक्के. वाढीच्या तक्त्यात एका बाजूला रेटिंग असतं आणि दुसऱ्या बाजूला हे गुणोत्तर. चार रेटिंगला 90 च्या खाली असणाऱ्याला 14 टक्के, मध्ये असणाऱ्याला 10, 110 च्या वर असणाऱ्याला 6. तीन रेटिंगला 90 च्या खाली 9. म्हणून तुम्हाला सहा, त्याला नऊ. रुपयांत मात्र दोघांनाही वर्षाला 64,800 च मिळाले. बाजाराच्या मागे पडलेल्याला वर ओढायचं, पुढे असलेल्याचा वेग कमी करायचा, हे या तक्त्याचं काम. कष्ट मोजायला तो बनवलेलाच नाही.

व्हेरिएबल पेमध्येही असंच. तुमचा ठरलेला आकडा 1 लाख 20 हजार. कंपनीने लक्ष्याच्या 70 टक्केच द्यायचं ठरवलं, चार रेटिंगला 110 टक्के. हिशेब 92,400. रेटिंग तीन असतं तर 84,000. चारच्या रेटिंगने 8,400 रुपये वाढले आणि कंपनीच्या 70 टक्क्यांनी त्याच्या कितीतरी पट खाल्ले.

आणि कष्ट? ते वर्षाच्या उद्दिष्टांच्या यादीत लिहिलेले असतील तरच दिसतात. ऑक्टोबरमध्ये सहकारी नोकरी सोडून गेला, त्याचं काम तुम्ही मार्चपर्यंत ओढलंत, पण एप्रिलमध्ये लिहिलेल्या उद्दिष्टांत ते नाही. ते त्याच महिन्यात लेखी जोडून घेतलं नसेल तर कॅलिब्रेशनच्या बैठकीत मॅनेजरकडे दाखवायला काही नसतं. हे मी चांगलं म्हणत नाही. बहुतेक ठिकाणी असंच घडतं एवढंच.

म्हणून “मला आणखी दोन टक्के द्या” या मागणीवर एचआरकडून बहुधा नकारच येतो, कारण तक्ता आडवा येतो. “मी माझ्या बँडमध्ये कुठे आहे आणि पुढच्या बँडचा मधला पगार किती?” हे विचारलं तर उत्तर देता येतं. बँड म्हणजे एका पातळीच्या पदांसाठी ठरलेली पगाराची चौकट. वरच्या उदाहरणात पुढच्या बँडचा मध्य 13 लाख असेल, तर 10 लाख 80 हजार हे 120 नाही, 83 टक्के होतात. रेटिंग तेच चार, पण त्या चौकटीत वाढ चौदा टक्के, म्हणजे 1 लाख 51 हजार 200.