आरटीजीएसची एन्ट्री एकाची, पासिंग दुसऱ्याचे: मेकर-चेकर प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रे

लातूरच्या एखाद्या डाळमिलवाल्याने दुपारी बारा वाजता आरटीजीएसचा फॉर्म काउंटरवर दिला आणि तीन वाजता फोन करून विचारले, की उत्तर बहुतेक ठरलेले असते: "एन्ट्री झालीय शेठ, पास व्हायची राहिलीय." शेठला वाटते, साहेब चहाला गेले असतील. कधी कधी ते खरेही असते. पण एन्ट्री आणि पासिंग ही दोन वेगवेगळी कामे आहेत आणि एका व्यवहारात ती दोन वेगळ्या माणसांनीच करायची असतात. एन्ट्री टाकणारा मेकर, ती तपासून मंजूर करणारा चेकर. मंजुरी मिळेपर्यंत पैसे बँकेबाहेर जात नाहीत.

ग्राहकाकडून काय लागते

आरटीजीएस किमान २ लाख रुपयांचा करता येतो. त्याखालच्या रकमेसाठी एनईएफटी आहे. शाखेत भरलेला फॉर्म आणि 'युवरसेल्फ फॉर आरटीजीएस' असे लिहिलेला चेक द्यावा लागतो. फॉर्मवर पैसे घेणाऱ्याचे नाव, खाते क्रमांक, ११ अक्षरी आयएफएससी, रक्कम अंकी व अक्षरी, आणि खात्यावर ज्यांना सहीचा अधिकार आहे त्यांच्या सह्या हव्यात. भागीदारी फर्म असेल आणि 'दोघांनी मिळून' असा करार असेल, तर एकाच भागीदाराची सही चालत नाही. चेकवरची रक्कम आणि फॉर्मवरची रक्कम जुळली नाही, तर काम तिथेच थांबते.

मेकर कोण, चेकर कोण

बहुतेक शाखांमध्ये मेकर लिपिक असतो आणि चेकर अधिकारी. पण खुर्चीवर बसले की अधिकार मिळाला, असे होत नाही. त्यासाठी शाखाधिकाऱ्याच्या सहीचा युजर आयडी अर्ज आयटी विभागाकडे जातो. त्यात कर्मचारी क्रमांक, पद, कामाचा प्रकार आणि किती रकमेपर्यंत एन्ट्री किंवा पासिंग करता येईल ती मर्यादा लिहिलेली असते. सोबत कार्यालयीन आदेश जोडतात. चेकरच्या पासिंग पॉवरपेक्षा रक्कम मोठी असेल तर ती वरच्या अधिकाऱ्याकडे जाते. बदली झाल्यावर जुन्या शाखेतले अधिकार बंद करून घेणे हाही याच प्रक्रियेचा भाग आहे, आणि सगळ्यात जास्त विसरला जाणाराही हाच.

इथे एक गैरसमज नेहमी दिसतो. नियम माणसाला कायमचा मेकर किंवा कायमचा चेकर करत नाही. तो एकेका व्यवहाराला लागतो. एखादा अधिकारी सकाळी स्वतः एन्ट्री टाकू शकतो, फक्त ती एन्ट्री दुसऱ्या अधिकाऱ्याने पास करायची. प्रत्येक एन्ट्रीसोबत ती टाकणाऱ्याचा आयडी साठवलेला असतो. त्याच आयडीने ती पास करायला गेले की सॉफ्टवेअर नकार देते.

एक उदाहरण

समजा, त्या डाळमिलवाल्याला अकोल्याच्या यंत्र पुरवठादाराला ६,४०,००० रुपये पाठवायचे आहेत. फॉर्मवर खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक ४४७१ आहेत. घाईत मेकरने ४४१७ टाकले. मेकर स्वतः पुन्हा पडद्याकडे पाहील तेव्हा त्याला ४४७१च दिसण्याची शक्यता फार. त्याच्या डोक्यात तोच आकडा पक्का बसलेला असतो, आणि आपली चूक आपल्याच डोळ्यांना पटकन सापडत नाही.

चेकरने म्हणूनच आधी पडदा पाहायचा नसतो. आधी फॉर्म आणि चेक हातात घ्यायचा, सही नमुन्याशी जुळवायची, मग खाते क्रमांक फॉर्मवरून एकेक अंक वाचत पडद्याशी ताडायचा. काही प्रणालींत खाते क्रमांक आणि रक्कम चेकरला पुन्हा टाइप करावी लागते आणि मेकरने टाकलेला आकडा त्याला दिसतच नाही. माझ्या मते हीच पद्धत चांगली. नुसते पाहून 'ओके' दाबण्यात डोळा सहज फसतो.

चूक सापडली की चेकरने ती स्वतः दुरुस्त करायची नाही. एन्ट्री शेरा लिहून परत पाठवायची, मेकरने ती सुधारायची, मग पुन्हा तपासायची. हा वेळखाऊपणा मुद्दाम ठेवलेला आहे. चेकरने आकडा बदलला, तर त्या बदललेल्या आकड्याचा मेकर तोच झाला आणि त्यावर दुसरी नजर राहिलीच नाही.

चूक सुटली तर? ४४१७ असे खातेच नसेल तर समोरची बँक पैसे परत पाठवते. आरटीजीएसमध्ये त्यासाठी एक तास किंवा त्या दिवसाचे कामकाज संपण्याची वेळ, यांपैकी जे आधी येईल ते, अशी मुदत आहे. पण ते खाते खरोखर कुणाचे तरी असेल तर पैसे तिथे जमा होतात, कारण जमा करताना नाव नाही, खाते क्रमांकच ग्राह्य धरला जातो. मग त्या खातेदाराच्या संमतीच्या मागे धावावे लागते. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५पर्यंत पाठवण्याआधी नाव पाहण्याची सोय देण्यास बँकांना सांगितले, त्याने हा धोका पुष्कळ कमी होतो. तरी ते नाव फॉर्मवरच्या नावाशी जुळवायचे काम माणसाचेच.

नियम मोडतो कुठे

तीन माणसांच्या शाखेत अधिकारी रजेवर गेला, की अडचण खरी असते. मोंढ्यात सोयाबीनची आवक जोरात, काउंटरवर आडत्यांची रांग. अशा वेळी "साहेबांचा पासवर्ड आहे माझ्याकडे, करून टाकतो" हे वाक्य ऐकू येते. त्या क्षणी कागदावर दोन सह्या असतात आणि प्रत्यक्षात एकच माणूस. पैसे चुकले किंवा कुणी मुद्दाम वळवले, तर ज्याचा आयडी आहे त्या अधिकाऱ्यावर जबाबदारी येते, मग तो त्या दिवशी गावी लग्नात का असेना. योग्य मार्ग म्हणजे जवळच्या शाखेतला अधिकारी आदेशाने बोलावणे, किंवा विभागीय कार्यालयातून पासिंग करून घेणे. त्याला वेळ लागतो, पण तो आदेश फाइलला राहतो.

लेखापरीक्षकाला हे कळते कसे? एन्ट्रीची आणि पासिंगची वेळ नोंदलेली असते. सहा लाखांची एन्ट्री चार सेकंदांत पास झाली, तर फॉर्म कुणी पाहिलाच नाही हे उघड आहे. दोन्ही आयडी एकाच संगणकावरून वापरलेले दिसतात, किंवा चेकरच्या रजेच्या दिवशी त्याच्या नावाने पासिंग झालेले असते. हजेरीपट आणि लॉग शेजारी ठेवले की पुरे.

दोघांनी संगनमत केले, तर मात्र ही व्यवस्था एकटी पुरत नाही. म्हणूनच संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून सलग १० कामाचे दिवस, आधी न सांगता सक्तीच्या रजेवर पाठवायचा नियम रिझर्व्ह बँकेने केला आहे. त्या काळात त्या टेबलावर दुसराच माणूस बसतो आणि दडवलेले वर येते.

ग्राहकाने एवढे ध्यानात ठेवावे: फॉर्मच्या पावतीवर शिक्का बसला म्हणजे फॉर्म मिळाला, पैसे गेले असे नव्हे. पैसे गेल्याचा पुरावा म्हणजे यूटीआर क्रमांक. आरटीजीएससाठी तो २२ अक्षरी असतो आणि चेकरने मंजुरी दिल्यानंतरच हाती येतो. तो मिळाल्यावरच पुरवठादाराला फोन करावा.