परतावा-वक्र, हृदय-वक्र आणि कार्यबिंदू

हृदय मिनिटाला किती रक्त पुढे ढकलते, म्हणजे डॉक्टरमंडळींच्या भाषेत कार्डियाक आउटपुट किती, हे ठरवण्याची आलेखपद्धती. आडव्या अक्षावर उजव्या अलिंदातला दाब आणि उभ्या अक्षावर मिनिटाचा प्रवाह घेऊन एकाच कागदावर दोन रेषा काढतात. हृदय-वक्र चढता असतो. अलिंदात दाब वाढला की हृदय जास्त भरते आणि जास्त फेकते, पण एका मर्यादेनंतर वक्र सपाट होतो. परतावा-वक्र उतरता असतो. अलिंदातला दाब जितका जास्त, तितके नीलांतून परत येणारे रक्त कमी. हृदयाने जेवढे फेकले तेवढेच परत यायला हवे, म्हणून दोन्ही रेषा जिथे छेदतात तोच कार्यबिंदू. निरोगी माणसात विश्रांतीच्या वेळी तो शून्य दाबावर आणि सुमारे ५ लिटरवर असतो.

हृदय-वक्राचा वारसा ओट्टो फ्रांक (१८९५) आणि अर्नेस्ट स्टार्लिंग (१९१४ च्या सुमाराचे प्रयोग) यांच्याकडे जातो, त्याबद्दल फारसा वाद नाही. परतावा-वक्राची मांडणी आणि दोन्ही वक्र एकत्र आणण्याची कल्पना अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या आर्थर गायटन (१९१९–२००३) यांची, १९५५ ची. हृदय क्षणभर थांबवले तर रोहिण्या-नीलांमधला दाब समान होऊन जिथे स्थिरावतो त्याला सरासरी भरण-दाब म्हणतात. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १८९४ मध्ये त्याचा अभ्यास केला होता, आणि आयझॅक स्टार यांनी १९४० मध्ये मृतदेहांवर. गायटन यांच्या प्रयोगांवरून तो ७ मिमी पारा धरतात. परतावा-वक्र आडव्या अक्षाला जिथे टेकतो तो हाच आकडा. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांत अप्रत्यक्ष रीतीने मोजलेले आकडे बरेच जास्त आले आहेत, म्हणून ७ हा आकडा पाठ्यपुस्तकी समजावा.

परताव्याचे गणित सोपे आहे. भरण-दाबातून अलिंदाचा दाब वजा करायचा आणि उत्तराला परताव्याच्या अडथळ्याने भागायचे. अडथळा लिटरमागे सुमारे १.४ मिमी असतो, म्हणून सात भागिले १.४, म्हणजे पाच लिटर. अलिंदाचा दाब शून्याखाली नेत राहिले तरी परतावा फार वाढत नाही, कारण छातीच्या तोंडाशी नीला दबून चिकटतात. विहिरीतली मोटर झऱ्याच्या आवकीपेक्षा जोराने ओढू लागली की पाणी तळाला जाते आणि फुटव्हॉल्व्ह हवा ओढतो. मोठी मोटर लावून पाणी वाढत नाही, तशातलाच हा प्रकार. मात्र विहिरीतले पाणी वाफ्यात जाते, रक्त फिरून तिथेच येते. उपमेची मर्यादा इथेच आहे, आणि पुढचा वादही.

अलिंदाचा दाब परताव्याला रोखतो, की परतावा आणि पंप मिळून अलिंदाचा दाब ठरवतात? गायटन यांनी १९५७ च्या प्रयोगात कुत्र्यांचे उजवे हृदय पंपाने वळवले. पंपाआधी दबू शकणारी नळी होती. ती वरखाली करून अलिंदाचा दाब ठरवला जाई आणि नळी अर्धवट दबलेली राहील असा पंपाचा वेग जुळवला जाई. दाब कारण आणि प्रवाह परिणाम, असा अर्थ त्यांनी लावला. मॅथ्यू लेव्ही यांनी १९७९ मध्ये हा अर्थ उलटा केला. पंपाचा वेग आपण बदलतो, म्हणून प्रवाह स्वतंत्र राशी. प्रवाह वाढला की रक्त नीलांतून रोहिण्यांत सरकते आणि नीलांचा दाब उतरतो. जॉर्ज ब्रेंगेलमान यांनी २००३ मध्ये हाच आक्षेप अधिक टोकदार केला. स्थिर अवस्थेत दोन्ही मांडण्या एकाच बिंदूवर येतात, कारण समीकरणे तीच असतात. भरण-दाबाला प्रवाह ‘ढकलणारा’ दाब म्हणण्यात अडचण आहे, कारण हृदय चालू असताना सगळीकडे समान असा तो दाब नसतोच. लेव्हींची बाजू त्यामुळे तर्काला अधिक धरून वाटते. खाटेजवळ निर्णय घ्यायला मात्र गायटन यांचा आलेख सोयीचा, आणि तोच टिकला आहे.

आलेखाचा उपयोग विदर्भातल्या एका प्रसंगावरून स्पष्ट होईल. मे महिना, तेंदूपत्त्याचा हंगाम. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकाच सकाळी दोन बाया येतात. दोघींची नाडी बारीक आणि जलद, रक्तदाब उतरलेला, हातपाय गार, आणि नातेवाइकांचे म्हणणे एकच: ‘डॉक्टरसाहेब, सलाईन लावा.’ समजा दोघींचाही प्रवाह ३.६ लिटर आहे.

पहिलीला दोन दिवस हगवण आहे आणि ती उन्हात पाने तोडत होती. रक्ताचा साठा घटून भरण-दाब ७ वरून ४ वर आला, म्हणून परताव्याची रेषा समांतर डावीकडे सरकली. तिचे हृदय ठणठणीत आहे, त्यामुळे छेदबिंदू हृदय-वक्राच्या चढावर, उणे एक मिमीच्या आसपास आहे. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या गेल्या तर तासाभराने त्यातला जेमतेम पाव भाग, म्हणजे २५० मिली, रक्तवाहिन्यांत उरतो. सुमारे १४० मिलीमागे भरण-दाब एक मिमी चढतो असे धरले तर तो ६ च्या जवळ येतो. बिंदू चढावरून वर सरकतो आणि प्रवाह साडेचार लिटरच्या आसपास जातो. म्हणजे सलाईन लागू पडले.

दुसरीचा हृदयाचा स्नायू दुबळा झालेला आहे. मूत्रपिंडांनी महिनोन्‌महिने पाणी धरून ठेवल्याने भरण-दाब १२ वर गेला आहे, अलिंदाचा ७ वर. पाच भागिले १.४ म्हणजे तेच ३.६. पण तिचा बिंदू वक्राच्या सपाट भागावर बसला आहे. त्याच दोन बाटल्या दिल्या तर भरण-दाब १४ होईल, अलिंदाचा ९ च्या आसपास, आणि प्रवाह तेवढाच राहील. वाढेल ती फक्त सूज आणि धाप.

फरक ओळखायला यंत्र लागत नाही. खाटेचे डोके ४५ अंशांवर करून मानेच्या उजव्या बाजूची नीला पाहायची. ७ मिमी पारा म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर पाणी. अलिंद उरोस्थीच्या कोनाखाली सुमारे ५ सेंटिमीटर धरतात, तेव्हा दुसरीच्या मानेत कोनाच्या वर चार-साडेचार सेंटिमीटरपर्यंत नीला भरलेली दिसेल. पहिलीच्या मानेत काहीच दिसणार नाही. शंका राहिली तर पाय ४५ अंशांपर्यंत उचलून मिनिटभर थांबतात. पायांतले रक्त छातीकडे आल्याने भरण-दाब तात्पुरता वाढतो. वरच्या आणि खालच्या रक्तदाबातले अंतर रुंदावले तर बिंदू चढावर आहे. पाय खाली करताच तो फरक नाहीसा होतो, म्हणजे ही चाचणी परत घेता येणारी बाटलीच आहे. मात्र केवळ रक्तदाबाच्या पट्ट्यावर तिचे उत्तर ढोबळच मिळते.

आलेखात हृदय आणि फुप्फुसे मिळून एकच ठोकळा मानलेला आहे. त्यामुळे डावे हृदय एकटे दुबळे असेल तर मान कोरडी दिसून फुप्फुसात पाणी साचू शकते. तळाशी कुरकुर ऐकू येते का ते वेगळे पाहावे लागते. शिवाय शरीर दोन्ही वक्र एकाच वेळी हलवते: नीला आवळून भरण-दाब राखते आणि हृदयाचा जोर वाढवते. पहिलीच्या उदाहरणात ही भरपाई धरलेली नाही.

सिकलसेल आणि तीव्र रक्तक्षय पूर्व विदर्भात नेहमी भेटतात. तिथे रक्त पातळ होते आणि वाहिन्या सैलावतात, त्यामुळे अडथळाच घटतो. रेषा सरकत नाही, तर आडव्या अक्षावरच्या टोकाभोवती फिरून अधिक उभी होते. प्रवाह वाढतो, पण बिंदू हृदय-वक्राच्या सपाट भागाकडे जातो. म्हणून अशा रुग्णाला रक्त सावकाश चढवतात.